वेस्ट हीटवर ॲब्सॉर्प्शन चिलर घेताय? मग आधी टॉवरचं बघा

आमच्या प्लांटमध्ये पाणी थंड करणारा १०० टन क्षमतेचा इलेक्ट्रिक चिलर म्हातारा झाला होता आणि तिकडे प्रोसेसमधून ९८ डिग्रीचं पाणी रात्रंदिवस उष्णता वाया घालवत होतं, म्हणून ठरलं की या उष्णतेवर चालणारा १०० टनांचा सिंगल इफेक्ट ॲब्सॉर्प्शन चिलर घ्यायचा. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. घोळ एका वाक्यात झाला, चिलरची उष्णता बाहेर फेकणाऱ्या कूलिंग टॉवरचा विषय निघाला तेव्हा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "टॉवर आहेच की आपला, तोही १०० टनांचाच आहे," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली, खोटं कशाला बोलू.

थंडीच्या दिवसात मशीन मस्त चाललं. मग दमट उकाड्याचे दिवस आले आणि दुपारी ऑपरेटरचा फोन, "साहेब, चिल्ड वॉटर अकराच्या खाली जातच नाही, सेटपॉइंट सातचा आहे." सगळ्यांचा संशय चिलरवर, कारण तोच नवा. व्हॅक्यूम गळतोय, सोल्यूशन खराब झालंय, कंपनीने छोटं मशीन दिलंय, जो तो काहीतरी बोलत होता. सर्व्हिसवाला आला, व्हॅक्यूम तपासला, सोल्यूशनचं सॅम्पल घेतलं, सगळं ठीक. मशीन ठणठणीत होतं. त्याला दम लागत होता तो बाहेरच्या पाण्यामुळे.

हे का होतं ते कळायला चिलरच्या आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल, फार खोलात नाही जात.

इलेक्ट्रिक चिलरमध्ये कॉम्प्रेसर वाफ ओढतो. इथे कॉम्प्रेसर नाही, त्याचं काम मीठ करतं. दमट हवेत उघडं राहिलेलं मीठ ओलं होतं ना, तसंच लिथियम ब्रोमाइड नावाचं मीठ पाण्याची वाफ अक्षरशः हावरटासारखं ओढून घेतं. मशीनच्या आत जवळजवळ पूर्ण व्हॅक्यूम असतो, त्यामुळे तिथे पाणी चार-पाच डिग्रीलाच उकळतं आणि उकळताना ट्यूबमधल्या चिल्ड वॉटरची उष्णता घेतं, हा झाला इव्हॅपोरेटर. तयार झालेली वाफ शेजारी ॲब्सॉर्बरमध्ये मिठाचं दाट सोल्यूशन पिऊन टाकतं. पिऊन पिऊन ते पातळ होतं, मग पंप त्याला जनरेटरमध्ये पाठवतो, तिथे आपलं गरम पाणी ट्यूबमधून फिरत असतं, त्या उष्णतेने सोल्यूशनमधलं पाणी उकळून बाहेर पडतं, मीठ परत दाट होतं आणि ॲब्सॉर्बरकडे जातं. निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये पाणी होऊन पुन्हा इव्हॅपोरेटरला येते. चक्र पूर्ण.

आता यात उष्णता आत किती ठिकाणांहून येते ते मोजा. एक चिल्ड वॉटरकडून, म्हणजे जे थंड करायचंय तिथून. दुसरी जनरेटरच्या गरम पाण्याकडून. आणि बाहेर जायला रस्ता एकच, कूलिंग टॉवर. वाफ ॲब्सॉर्बरमध्ये शोषली जाताना गरमी सोडते, कंडेन्सरमध्ये पाणी होताना परत सोडते, म्हणून टॉवरचं पाणी बहुतेक मशीनमध्ये आधी ॲब्सॉर्बरमधून आणि मग कंडेन्सरमधून असं दोन्हीकडे फिरवलेलं असतं. आत आलेली सगळी उष्णता, चिल्ड वॉटरची अधिक गरम पाण्याची, शेवटी टॉवरच्याच गळ्यात.

सिंगल इफेक्ट मशीनचा सीओपी साधारण ०.७. म्हणजे १०० युनिट उष्णता दिली तर ७० युनिट थंडावा मिळतो. बरेच जण हा आकडा बघून नाक मुरडतात, पण उष्णता फुकटची असेल तर त्याचं एवढं दुःख नाही. दुःख दुसरीकडे आहे. ७० युनिट थंडाव्यासाठी टॉवरला १७० युनिट फेकावे लागतात, म्हणजे थंडाव्याच्या जवळपास २.४ पट. चांगल्या वॉटर कूल्ड इलेक्ट्रिक चिलरचा सीओपी ५.५ धरला तर तिथे हेच प्रमाण १.२ च्या आत असतं. म्हणजे तेवढ्याच टनाच्या चिलरला टॉवर दुप्पट लागतो. हे त्या मीटिंगमध्ये कुणी पाटीवर लिहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

आमच्या केसचे आकडे मांडतो. प्रोसेसचं पाणी ताशी ३० घनमीटर, ९८ डिग्रीला. ते पाणी घाण, थेट चिलरमध्ये घेणं शक्यच नव्हतं, म्हणून मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर टाकला आणि त्यात तीन डिग्री गेल्या. चिलरला मिळालं ९५ डिग्रीचं स्वच्छ पाणी, परत जाणार ८० ला. ३० घनमीटर, १५ डिग्रीचा फरक, एका घनमीटरला एका डिग्रीमागे साधारण १.१६ किलोवॅट-तास, गुणाकार ५२२ किलोवॅट येतो, पण गरम पाणी थोडं हलकं असतं म्हणून आम्ही ५०० धरले. गुणिले ०.७, म्हणजे ३५० किलोवॅट थंडावा. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणून १०० टन. इथवर हिशोब सुंदर जुळला आणि तिथेच सगळे थांबले. पुढची ओळ होती ५०० अधिक ३५०, बरोबर ८५० किलोवॅट टॉवरवर. जुना इलेक्ट्रिक चिलर याच १०० टनाला टॉवरकडे फक्त ४१४ किलोवॅट पाठवायचा, ३५० थंडाव्याचे आणि ६४ कॉम्प्रेसरचे.

मग "टॉवरही १०० टनांचाच" या वाक्यात काय चुकलं? टॉवरचा टन आणि चिलरचा टन हे वेगळे असतात. कॅटलॉगमधला टॉवरचा टन बऱ्याचदा ४.४ किलोवॅटचा धरलेला असतो, म्हणजे चिलरच्या टनावर पंचवीस टक्के जास्तीचे, कारण ज्यांनी हे माप पाडलं त्यांनी गृहीतच धरलं होतं की समोर इलेक्ट्रिक चिलर असणार आणि कॉम्प्रेसरची उष्णता वर येणार. त्यामुळे इलेक्ट्रिक चिलरला १०० ला १०० ही जोडी बिनबोभाट जमते, आणि लोकांना सवय लागते टन बघून टॉवर उचलायची. ॲब्सॉर्प्शनला तीच सवय नडते. आमच्या ८५० किलोवॅटला ४.४ ने भागा, १९३ टनांचा टॉवर हवा होता. म्हणून टॉवरवाल्याशी टनात बोलूच नये असं माझं मत झालंय. किती किलोवॅट, किती पाणी, टॉवरमध्ये येताना किती डिग्री, जाताना किती, आणि वेट बल्ब, म्हणजे हवेचा दमटपणा धरून मोजलेलं तापमान, किती, एवढं लिहून द्यावं, गैरसमजाला जागाच राहत नाही.

त्या दुपारी आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो, कारण कुणालाही ही तपासणी करता येते. क्लॅम्प ऑन फ्लोमीटर आणला आणि तिन्ही पाण्यांचे फ्लो आणि तापमानं एकाच वेळी घेतली. चिल्ड वॉटर ताशी ६० घनमीटर, १४.६ ला येऊन ११ ला जातंय, म्हणजे साधारण २५० किलोवॅट, ७१ टन. गरम पाणी ९५ ला आत आणि ८४ ला बाहेर, ८० ला यायला हवं होतं, म्हणजे मशीनने ३६७ किलोवॅटच घेतले. टॉवरचं पाणी ताशी ६८ घनमीटर, ३४ ला आत आणि ४१.८ ला बाहेर, ६१७ किलोवॅट. २५० अधिक ३६७ बरोबर ६१७. हिशोब असा तंतोतंत जुळला म्हणजे मीटर खरं बोलतायत. एरवी पाचेक टक्क्यांचा फरक चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर आधी मीटर तपासा मग मशीन.

यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ते ८४. गरम पाणी पुरेसं आहे, तापमानही पुरेसं आहे, तरी मशीन उष्णता घेत नाहीये. बाहेर टाकायला जागा नाही तर आत घेणार कुठून. गरम पाणी तापमान न उतरवताच परत येत असेल आणि त्याच वेळी टॉवरचं पाणी डिझाइनपेक्षा गरम असेल तर चिलरवर शिव्यांचा वर्षाव करण्याआधी टॉवरकडे जा. उलट टॉवरचं पाणी डिझाइनला आहे, गरम पाणीही डिझाइनला आहे आणि तरी क्षमता मिळत नाही, तर मग मशीनच्या आत बघा, हवा शिरली असेल, ट्यूबवर क्षार बसले असतील.

टॉवरचं पाणी दोन डिग्री गरम झालं तर एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. इलेक्ट्रिक चिलरमध्ये बिघडतं ते असं की कॉम्प्रेसर थोडी जास्त वीज खातो आणि काम रेटून नेतो. इथे रेटायला कुणी नाही. मिठाची वाफ ओढायची ताकद त्याच्या तापमानावर असते, सोल्यूशन गरम झालं की ओढ कमी, ओढ कमी की इव्हॅपोरेटरमधला दाब वाढतो, दाब वाढला की पाणी चारऐवजी सात-आठ डिग्रीला उकळायला लागतं, आणि मग चिल्ड वॉटर सातला येणारच कसं. ढोबळमानाने टॉवरचं पाणी एक डिग्री वाढलं की क्षमता पाचेक टक्के जाते, प्रत्येक मशीनचा कर्व वेगळा असतो पण दिशा हीच. गरम पाण्याचंही तसंच, तिकडे एक डिग्री कमी झाली की साधारण तेवढाच फटका. आमच्याकडे पाणी दोन डिग्रीने गरम होतं आणि वर फ्लोही निम्म्याच्या आसपास, कारण जुना पंप आणि जुनी १२५ मिलीमीटरची लाइन. दोन्ही मिळून जवळजवळ तीस टक्के गेले.

म्हणून सिलेक्शन करताना विचारायचा खरा प्रश्न हा की सगळ्यात दमट दिवशी दुपारी हे मशीन किती टन देईल. नेमप्लेटवरचा आकडा कधीकधी २९-३० डिग्रीच्या टॉवर पाण्याला असतो. तुमच्याकडे वेट बल्ब २८ ला जात असेल तर टॉवरचं पाणी ३२ च्या आसपास मिळेल असं धरा. टॉवर वेट बल्बच्या खाली कधीच जाऊ शकत नाही आणि त्याच्या जितकं जवळ जायचं तितका टॉवर भराभर मोठा होतो, चार डिग्रीच्या फरकावर जो टॉवर जमतो तो तीनवर आणायचा म्हटलं की आकार बराच फुगतो. त्यामुळे उत्पादकाकडून ३१ ला किती आणि ३२ ला किती असे दोन्ही आकडे लेखी मागवायचे, टॉवरवाल्याकडून तेच दोन आकडे, आणि मग ठरवायचं की पैसे टॉवरमध्ये घालायचे का थोडं मोठं मशीन घ्यायचं. आम्ही हे केलंच नव्हतं. नंतर जुनं ऑफर लेटर काढून बघितलं तर त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, कूलिंग वॉटर ३२ डिग्री, ताशी १२२ घनमीटर. कुणी वाचलं नव्हतं एवढंच.

गरम पाण्याच्या बाजूनेही एक गोष्ट. लॉगबुकात ९८ लिहिलंय म्हणून ९८ धरू नका, एक आठवडा दर पंधरा मिनिटांचं रेकॉर्ड घ्या. बॅच बदलताना पाणी ८८ ला पडत असेल तर त्या वेळी चिलरही पडणार, आणि थंडावा हवा असतो नेमका त्याच वेळी. ही भोकं भरायला बॉयलर जोडायची कल्पना कुणीतरी काढतंच, ती मला पटत नाही. विकतचं इंधन जाळून ०.७ चा सीओपी घेणं म्हणजे सरळ तोटा. त्यापेक्षा छोटा इलेक्ट्रिक चिलर सिरीजमध्ये ठेवा, परतीचं चिल्ड वॉटर आधी ॲब्सॉर्प्शन चिलर जेवढं जमेल तेवढं थंड करेल आणि उरलेलं इलेक्ट्रिक. यात ॲब्सॉर्प्शनला सातपर्यंत झटावं लागत नाही, नऊ-दहावर सोडता येतं, आणि चिल्ड वॉटर जरा गरम चाललं की त्याची क्षमता चांगलीच वाढते. आणि तुमची उष्णता दीडशे डिग्रीच्या वरची असेल, वाफ किंवा एक्झॉस्ट, तर सिंगल इफेक्टचा विचारच सोडा, तीच उष्णता दोनदा वापरणारं डबल इफेक्ट बघा, त्याचा सीओपी १.२ च्या आसपास असतो आणि टॉवरवरचा भार थंडाव्याच्या १.८ पटीवर येतो. सिंगल इफेक्टची जागा ८० ते १०० डिग्रीच्या गरम पाण्याला, जिथे डबल इफेक्ट चालत नाही.

आता पाणी. टॉवर उष्णता फेकतो ती मुख्यतः पाण्याची वाफ करून. ८५० किलोवॅटला ताशी साधारण १.२ घनमीटर पाणी उडून जातं. उडताना क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी काढून टाकावं लागतं, क्षार चारपट होईपर्यंत चालवलं तर ब्लोडाउन ताशी ०.४, म्हणजे नव्याने भरायचं पाणी, मेकअप, १.६. दिवसाला ३८ घनमीटर. इलेक्ट्रिक चिलरला हेच दिवसाला १८-१९ होतं. म्हणजे रोज वीसेक घनमीटर पाणी जास्त, ते आणायचं कुठून हे आधी ठरवा. मात्र एक बारकावा आहे जो लोक विसरतात. ती वेस्ट हीट आधी कुठे जात होती? ती दुसऱ्या एखाद्या कूलिंग टॉवरमध्येच जात असेल तर तिथलं पाणी आता वाचतं, एकूण खर्च फारसा वाढत नाही, उलट कॉम्प्रेसरची उष्णता गेली तेवढी बचतच. पण ती रेडिएटरवर हवेत जात असेल, आमच्याकडे तसंच होतं, तर हे वीस घनमीटर पूर्ण नवे.

विजेचा हिशोबही कागदावर जरा फसवा दिसतो. कॉम्प्रेसरचे ६४ किलोवॅट वाचले असं सगळे सांगतात. पण टॉवरचा पंप साडेसहावरून तेरा किलोवॅटवर गेला, फॅन चारवरून सातवर, गरम पाण्याचे दोन पंप मिळून तीन, मशीनच्या आतले सोल्यूशन आणि रेफ्रिजरंटचे पंप अजून तीन. आधी एकूण साधारण ७४ लागायचे, आता २६. वाचले ४८. वाईट नाहीच, पण ६४ धरून परतावा काढला असेल तर काही महिने पुढे सरकतो.

शेवटी आम्ही जुन्या टॉवरशेजारी त्याच मापाचा दुसरा सेल टाकला, दोन्ही बेसिन इक्वलायझिंग लाइनने जोडले, पंप बदलला. लाइन १२५ ची १५० मिलीमीटर केली, कारण ताशी १२२ घनमीटर १२५ च्या पाइपमधून ढकललं तर वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास जातो आणि घर्षण जुन्या फ्लोच्या तिप्पट होतं. टॉवर छतावर असल्यामुळे दुसऱ्या सेलच्या भरल्या वजनाला स्लॅब चालतो का हे स्ट्रक्चरलवाल्याला विचारावं लागलं, त्यात तीन आठवडे गेले.

टॉवर मोठा झाला म्हणून बिनधास्त राहायचं असंही नाही, कारण थंड रात्री उलटा त्रास सुरू होतो. टॉवरचं पाणी अचानक फार थंड झालं तर दाट सोल्यूशन हीट एक्स्चेंजरमध्ये गोठतं, मिठाचे खडे धरतात, फ्लो बंद आणि मशीन बंद, मग बाहेरून उष्णता देऊन ते विरघळवत बसायचं. वीज अचानक गेली तरी हेच, मशीनला सोल्यूशन पातळ करून थांबायला वेळच मिळत नाही. म्हणून टॉवर लाइनवर थ्री वे बायपास व्हॉल्व्ह बसवला आणि फॅन वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीवर घेतले, चिलरमध्ये जाणारं पाणी २४ च्या खाली जाऊ देत नाही. किमान किती चालेल ते उत्पादकच सांगतो, आपल्या मनाने ठरवायचं नाही.

पुढच्या दमट मोसमात त्याच दुपारच्या वेळी परत रीडिंग घेतली. बेसिन ३२.१, गरम पाणी ९५ ला आत आणि ८०.५ ला बाहेर, चिल्ड वॉटर ७.३. ऑपरेटरची तक्रार आता वेगळी आहे, मेकअपचं पाणी मृदू करणारा सॉफ्टनर आधी दोन दिवसांनी रिजनरेट व्हायचा, आता रोज करावा लागतो.